बचत गटाचं वार्षिक हिशोब वाचन: कोषाध्यक्षाने काय तयारी करायची, कोणते कागद लागतात आणि भाषणात आकडे कसे सांगायचे

मार्च संपला की गटागटातून एकच प्रश्न येतो, ताई वार्षिक बैठकीत हिशोब वाचायचाय, नेमकं काय बोलू? बहुतेक जणी रोकड वही उघडतात आणि वरपासून खालपर्यंत वाचत सुटतात, दहाव्या ओळीला बायका आपापसात बोलायला लागतात आणि शेवटी कुणीतरी विचारतंच की वर्षभरात जवळजवळ तीन लाख आले म्हणता, मग शिल्लक पंचवीस हजारच कशी? हा प्रश्न रास्त आहे, त्यात कुणावर संशय घेण्यासारखं काही नाही, फक्त त्याचं उत्तर भाषणातच असायला हवं. म्हणून ही माहिती उमेदच्या पद्धतीने चालणारा साधा १२ बायकांचा गट डोळ्यासमोर ठेवून लिहितेय.

हिशोब कोणी वाचायचा? गटाने ठराव करून निवडलेल्या कोषाध्यक्षाने. ती आजारी असेल, बाहेरगावी असेल तर सचिवाने वाचला तरी चालतो पण तसं इतिवृत्तात लिहा. बुककीपर किंवा सीआरपी ताई मदतीला शेजारी बसू दे, पण वाचायला त्यांना लावू नका, कारण पैसा गटाचा आहे आणि उत्तर द्यायची जबाबदारी कोषाध्यक्षाची. बैठकीला गटाच्या नियमात ठरलेली हजेरी भरलीच पाहिजे. ती भरत नसेल तर सरळ पुढची तारीख घ्या, अर्ध्या बायकांसमोर मंजूर केलेल्या हिशोबावर पुढे वाद होतो.

कागद म्हणाल तर बैठकीत या गोष्टी समोर हव्यात: रोकड वही, बचत आणि कर्जाची खतावणी, इतिवृत्त वही, पावती पुस्तक, खर्चाची बिलं, बँकेचं पासबुक, कर्ज खात्याचा उतारा आणि प्रत्येकीचं स्वतःचं छोटं पासबुक. यातलं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बँकेचं पासबुक ३१ मार्चनंतर भरून आणलेलं असावं. फेब्रुवारीत भरलेलं पासबुक घेऊन हिशोब लावला तर मार्चमधलं व्याज, मेसेजचे चार्जेस, उशिरा वटलेला चेक, यातलं काहीच दिसत नाही.

आता जुळवणी. बैठकीच्या आठवडाभर आधी दोन गोष्टी तपासा. एक, पेटीतली रोख दोघीतिघींनी मिळून मोजा आणि रोकड वहीतल्या आकड्याशी लावा. दोन, वहीत बँकेत किती दाखवलंय आणि पासबुकात किती आहे ते बघा. समजा वही म्हणते २४,५४० आणि पासबुक म्हणतं २४,४००, म्हणजे १४० चा फरक. अशा वेळी वहीतला आकडा खोडून पासबुकातला लिहून मोकळं व्हायचं नाही, पासबुकाच्या ओळी एकेक करून वहीशी लावत जायचं. इथे बँकेने मेसेज चार्जेस कापले होते आणि आपल्याकडे नोंद नव्हती. मग वहीत खर्चाच्या बाजूला बँक चार्जेस १४० अशी ओळ टाकायची की झालं. फरकाचं कारण सापडत नसेल तर तो फरक भाषणात सांगा, कधीही स्वतःच्या खिशातून भरून जुळवू नका, कारण खरी चूक कुठेतरी तशीच राहते आणि पुढच्या वर्षी परत वर येते.

भाषणाची गाडी नेहमी अडते ती आलेला पैसा आणि कमावलेला पैसा यात. बँकेचं कर्ज आलं तो पैसा आला खरा, पण ती आपली कमाई नाही, परत द्यायचाय. एखादीने कर्जाची मुद्दल भरली तीही कमाई नाही, आपलाच पैसा घरी आला. बचतही सभासदांची ठेव आहे. कमाई फक्त तीन गोष्टींची, सभासदांकडून मिळालेलं व्याज, दंड आणि बँकेने बचत खात्यावर दिलेलं व्याज. तसंच उलट बाजूला, सभासदांना कर्ज दिलं तो खर्च नव्हे, बँकेची मुद्दल फेडली तोही खर्च नव्हे. खर्च म्हणजे बँकेला दिलेलं व्याज, बुककीपरचं मानधन, वह्या, बँकेत जायचं भाडं असं जे परत येणार नाही ते. म्हणून भाषणात दोन हिशोब वेगवेगळे सांगायचे, आधी पैसा कसा आला गेला आणि मग गटाने कमावलं किती.

खाली नमुना देते. गट १२ जणींचा, महिन्याला २०० रुपये बचत, तीन वर्षं पूर्ण झालेली, हिशोबाच्या याच वर्षात बँकेकडून दीड लाख कर्ज घेतलेलं, सभासदांना महिना शेकडा एक रुपया व्याज. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे घाला.

"ताई, मावश्यांनो, सगळ्यांना नमस्कार. १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षाचा हिशोब सांगते, मध्ये काही कळलं नाही तर तिथेच थांबवा.

वर्ष सुरू झालं तेव्हा पेटीत आणि बँकेत मिळून आपल्याकडे १९,५५० रुपये होते. वर्षभरात आपली बचत जमा झाली २८,८००, बारा जणी, बारा महिने, दोनशेप्रमाणे, एकीचाही हप्ता राहिलेला नाही. कर्जाची मुद्दल तुम्ही परत भरली ९२,०००. त्यावरचं व्याज आलं १८,४८०. दंड ३४० आणि बँकेने खात्यावर दिलेलं व्याज ५८०. शिवाय बँकेचं कर्ज दीड लाख. सगळं मिळून वर्षात आले २,९०,२००.

गेले कुठे ते ऐका. तुम्हालाच कर्ज म्हणून दिले २,३०,०००. बँकेची मुद्दल फेडली ४५,००० आणि बँकेला व्याज दिलं ६,७५०. बाकी किरकोळ खर्च, म्हणजे बुककीपरचं मानधन, वह्या, गाडीभाडं, बँकेचे चार्जेस धरून २,७००. एकूण गेले २,८४,४५०.

म्हणजे आधीचे १९,५५० धरून त्यात आलेले मिळवले, गेलेले वजा केले की उरतात २५,३००. यातले ९०० पेटीत आहेत, ते आत्ता सगळ्यांसमोर मोजते, आणि २४,४०० बँकेत, हे पासबुक, हातोहात फिरवा.

आता गटाने कमावलं किती. व्याज, दंड आणि बँकेचं व्याज मिळून १९,४००. त्यातून बँकेला दिलेलं व्याज आणि किरकोळ खर्च मिळून ९,४५० गेले. वर्षाचा नफा ९,९५० रुपये.

शेवटची गोष्ट. शिल्लक पंचवीस हजार दिसते पण आपला पैसा तेवढाच नाही. २,०२,००० रुपये आज तुमच्या घरांत कर्ज म्हणून फिरतायत. ते आणि शिल्लक मिळून २,२७,३००. त्यातून बँकेचे राहिलेले १,०५,००० काढले की गटाचे स्वतःचे उरतात १,२२,३००. त्यात आपली तीन वर्षांची बचत ८६,४००, फिरता निधी १५,००० आणि आजवरचा साठलेला नफा २०,९००. प्रत्येकीच्या पासबुकात बचत ७,२०० दिसली पाहिजे, आत्ता उघडून बघा. दिलेल्या कर्जांपैकी दोन जणींचे मिळून ८,५०० मुदतीत आलेले नाहीत, त्याबद्दल पुढच्या मासिक बैठकीत बोलू."

एवढंच. सावकाश वाचलं तरी दहा मिनिटांच्या आत होतं. थकबाकीदारांची नावं वार्षिक बैठकीत वाचू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे, कारण तिथे ग्रामसंघाच्या, कधी बँकेच्या पाहुण्या मंडळी असतात आणि एखादीच्या घरची अडचण चारचौघांत उघडी पडते. पण थकबाकीचा आकडा मात्र लपवायचा नाही. तो लपवला की दोन लाख दोन हजार सगळे येणारच असं वाटतं आणि पुढचा कर्जाचा निर्णय चुकतो.

स्वतःचे १,२२,३०० हा आकडा मी इतका धरून का सांगते त्यालाही कारण आहे. बँक कर्ज ठरवताना नुसती शिल्लक बघत नाही, गटाचा स्वनिधी बघते आणि त्यात बचत, फिरता निधी, मिळवलेलं व्याज हे सगळं धरतात. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या गटाला मुदत कर्जाचा पहिला टप्पा या स्वनिधीच्या सहापट किंवा ठरलेली किमान रक्कम, यात जे जास्त असेल ते असा धरला जातो. पुढच्या टप्प्यालाही स्वनिधीच मोजतात. आणि पात्रतेसाठी गट किमान सहा महिने नियमित चालू हवा, पंचसूत्री पाळणारा हवा, हे सहा महिने गटाच्या हिशोबाच्या वह्यांवरून मोजायचे असतात, बचत खातं कधी उघडलं त्यावरून नाही. खातं नवीन आहे म्हणून शाखेतून परत पाठवलं तर वह्या पुढे करा आणि हे सांगा.

हिशोब वाचून झाला की प्रश्न घ्या, मग एकीने मंजुरी सुचवायची, दुसरीने अनुमोदन द्यायचं आणि इतिवृत्तात ठराव लिहायचा: सन अमुकचा जमाखर्च वाचून दाखवला, अखेर शिल्लक २५,३०० पैकी रोख ९०० व बँकेत २४,४००, नफा ९,९५०, सर्वानुमते मंजूर. शिल्लक आणि नफा आकड्यांत आणि अक्षरांत दोन्ही लिहा. खाली हजर असलेल्या सगळ्यांच्या सह्या, अंगठा असेल तर शेजारी नाव. नफा वाटायचा की गटातच ठेवायचा हा वेगळा ठराव करा, मंजुरीच्या ठरावात घुसडू नका. बँकेचं कर्ज चालू असताना मी तरी वाटू नका असंच सांगेन, कारण वाटला की स्वनिधी तेवढा खाली येतो.

नंतर या पानाची आणि एका पानावर लिहिलेल्या जमाखर्चाची झेरॉक्स ग्रामसंघाला द्या, एक बँकेच्या फाईलला लावा. सीआरपी ताईंकडून लोकॉस अॅपवरच्या नोंदी याच आकड्यांशी जुळतात का तेही बघून घ्या, विशेषतः सभासदांकडे असलेलं कर्ज, कारण तिथे एखादी परतफेड नोंदवायची राहिली तर ज्या बाईने पैसे भरलेत तिच्याच नावावर थकबाकी दिसत राहते. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष यांच्यापैकी कुणी त्याच बैठकीत बदललं असेल तर निवडीचा वेगळा ठराव आणि नव्या ताईंचं आधार, पॅन, फोटो घेऊन खात्यावरच्या सह्या बदलायचा अर्ज त्याच आठवड्यात बँकेत द्या, नाहीतर पुढचं पैसे काढणं जुन्या सहीसाठी अडून बसतं.