पेन्सिलीच्या शिशात माती कशासाठी?

एचबी घ्यावी की ४बी, की २एच, हा प्रश्न आमच्याकडे येणारे पालक आणि चित्रकलेचे विद्यार्थी नेहमी विचारतात. शिशात माती किती मिसळली आहे, यावर त्याचं उत्तर ठरतं. म्हणून ही माती शिशात आली कशी, ते थोडक्यात सांगतो.

आपण ज्याला शिसं म्हणतो ते खरं तर ग्राफाइट, म्हणजे कार्बनचंच एक रूप. सोळाव्या शतकात इंग्लंडमधल्या बॉरोडेल इथे त्याचा असा साठा सापडला, की दगड कापावा तशा करवतीने त्याच्या कांड्या कापता येत. तिथले मेंढपाळ त्याने मेंढ्यांवर खुणा करत. कांडीने हात काळे होत आणि ती पटकन मोडे, म्हणून तिच्यावर दोरा गुंडाळत आणि टोक झिजेल तसा उलगडत. पुढे लाकडाच्या पट्टीत खाच पाडून, त्यात चौकोनी कांडी बसवून, वरून पातळ पट्टी चिकटवू लागले. तोफगोळ्यांच्या साच्यांनाही हे ग्राफाइट लागे. त्याला इतकी किंमत आली की १७५२ मध्ये ब्रिटिश संसदेने त्याच्या चोरीसाठी कडक कायदा केला.

इतरत्र मिळणारं ग्राफाइट बहुधा भुसभुशीत किंवा अशुद्ध. त्याची भुकटी गंधकात घालून कांड्या करून पाहिल्या, पण त्या ठिसूळ निघत आणि नीट उमटत नसत. १७९३ मध्ये फ्रान्स आणि ब्रिटनमध्ये युद्ध पेटलं आणि फ्रान्सला इंग्लिश ग्राफाइट मिळेनासं झालं. तेव्हा निकोला-जाक काँते यांनी ग्राफाइटची बारीक भुकटी चिकणमाती आणि पाण्यात मळून कांड्या केल्या, वाळवल्या आणि भट्टीत भाजल्या. १७९५ मध्ये त्यांना या कृतीचं पेटंट मिळालं. आजही पद्धत मुळात तीच आहे. भाजताना मात्र कांड्यांना हवा लागू द्यायची नाही, नाहीतर ग्राफाइटच जळून जातं.

भाजलेली माती विटेसारखी कडक होते आणि ग्राफाइटचे कण धरून ठेवते. लिहिताना त्यातले थोडे थोडे कण सुटून कागदावर बसतात. माती जास्त असली की कण कमी सुटतात, रेघ फिकी आणि बारीक येते, टोक बराच वेळ टिकतं. हा एच गट, भूमितीच्या आकृत्यांसाठी. माती कमी असली की रेघ गडद आणि मऊ येते, टोक लवकर झिजतं. हा बी गट, छायांकनासाठी. रोजच्या लिखाणाला एचबी मधली. भाजून झाल्यावर कांडी मेणात बुडवतात, त्यामुळे ती कागदावर न खरखरता सरकते.

आता लाकडाच्या दोन पट्ट्यांत अर्धगोल खाचा पाडतात, मध्ये शिसं ठेवून पट्ट्या चिकटवतात आणि मग एकेक पेन्सिल कापतात. घेताना पेन्सिलीचं बूड पाहा. शिसं बरोबर मध्यभागी नसेल, तर टोक काढताना एका बाजूला लाकूड उरतं आणि टोक मोडतं. मध्यभागी असूनही पुन्हा पुन्हा मोडत असेल, तर पेन्सिल बहुधा खाली पडून शिसं आतच तुकड्या-तुकड्यांत तुटलेलं असतं. शार्पनर बदलून त्याचा उपयोग होत नाही.