आयपी पत्त्यापुढचा देश: हा रकाना आला कुठून?

आयपी पत्ता शोधयंत्रात टाकला की पुढे एखाद्या देशाचं नाव येतं. हे नाव ज्या नोंदींवरून निघतं, त्या नोंदी मुळात ठावठिकाणा सांगण्यासाठी केलेल्याच नव्हत्या.

इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळात पत्त्यांच्या वाटपाचा हिशेब अमेरिकेत, एकाच ठिकाणी ठेवला जाई. जॉन पोस्टेल आणि त्यांचे सहकारी हे काम बघत. मागणी वाढली तशी ती जबाबदारी प्रादेशिक रजिस्ट्रींकडे गेली. १९९२ मध्ये युरोपसाठी राइप एनसीसी, पुढच्या वर्षी आशिया-प्रशांतसाठी एपीनिक, १९९७ मध्ये उत्तर अमेरिकेसाठी आरिन, २००२ मध्ये लॅटिन अमेरिकेसाठी लॅकनिक आणि २००५ मध्ये आफ्रिकेसाठी आफ्रिनिक. प्रत्येक रजिस्ट्री आपण सलग पत्त्यांचा कोणता पट्टा कधी दिला याची यादी रोज जाहीर करते. एपीनिकच्या यादीतली ही एक ओळ पाहा:

```
apnic|AU|ipv4|1.1.1.0|256|20110811|assigned
```

म्हणजे 1.1.1.0 पासूनचे २५६ पत्ते ११ ऑगस्ट २०११ रोजी दिले गेले, आणि देशाच्या रकान्यात AU, अर्थात ऑस्ट्रेलिया. हा पट्टा एपीनिकने संशोधनासाठी स्वतःकडेच ठेवला आहे आणि एपीनिकचं कार्यालय ब्रिस्बेनला आहे. ओळीत चूक काहीच नाही. फक्त ती पत्ते कुणाच्या नावावर आहेत एवढंच सांगते, यंत्र कुठे आहे ते नाही.

या पट्ट्यातल्या 1.1.1.1 या पत्त्यावर एप्रिल २०१८ पासून क्लाउडफ्लेअर या कंपनीची डीएनएस सेवा, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता सांगणारी सेवा, चालते. हा एकच पत्ता जगभरातल्या अनेक डेटासेंटरांतून एकाच वेळी जाहीर केला जातो आणि तुमची विनंती जाळ्याच्या हिशेबाने जवळ असलेल्या ठिकाणी पोहोचते. याला एनीकास्ट म्हणतात. `ping 1.1.1.1` दिल्यावर समजा उत्तर ४ मिलिसेकंदांत आलं. फायबरमधून प्रकाश मिलिसेकंदाला साधारण २०० किलोमीटर जातो. जाऊन-येऊन ४ म्हणजे एका बाजूला जास्तीत जास्त २, म्हणून उत्तर देणारं यंत्र ४०० किलोमीटरच्या आतच असलं पाहिजे. तुम्ही स्वतः ऑस्ट्रेलियाजवळ नसाल तर ते ऑस्ट्रेलियात असणं शक्यच नाही. मात्र हा ताळा एकाच बाजूने चालतो. वेळ कमी लागला तर यंत्र जवळ आहे हे पक्कं, पण जास्त लागला म्हणून ते लांब आहे असं म्हणता येत नाही, कारण वाट वळशाची किंवा गर्दीची असू शकते.

रजिस्ट्रीच्या सविस्तर नोंदींतही `country:` असा रकाना असतो. पट्टा घेणाऱ्याचं मुख्यालय जिथे आहे तो देश, की जाळं जिथे चालतं तो? राइपने आपल्या माहितीपुस्तिकेत स्पष्टच लिहिलं आहे की याचा अर्थ कधी ठरवलाच गेला नाही. कित्येक नोंदींत तिथे EU असं आहे, आणि तो तर देशच नव्हे. माझ्या मते सगळ्या गोंधळाचं मूळ इथेच आहे.

जागेवरून जाहिरात किंवा मजकूर दाखवायची गरज निर्माण झाली, तेव्हा मॅक्समाइंडसारख्या कंपन्यांनी पत्त्यावरून ठिकाण सांगणारे डेटाबेस बनवताना अशाच नोंदी पाया म्हणून घेतल्या आणि त्यात इतर माहितीची भर घातली. पत्ते मुबलक होते आणि जिथे दिले तिथेच वापरले जात होते, तोवर देश बहुतेकदा बरोबर यायचा. फेब्रुवारी २०११ मध्ये आयपीव्ही४ या जुन्या, मर्यादित संख्येच्या पत्त्यांचा मध्यवर्ती साठा संपला. त्यानंतर पत्त्यांची खरेदी-विक्री वाढली आणि मोठ्या कंपन्या आपल्याकडचे पट्टे लागतील तिथे हलवू लागल्या. जून २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टला खुलासा करावा लागला: अमेरिकेसाठीचे पत्ते संपल्यामुळे आपल्या अझूर या क्लाउड सेवेच्या अमेरिकी केंद्रांत अन्य देशांत नोंदलेले पत्ते वापरले जात होते. यंत्र अमेरिकेत, नोंद ब्राझीलची. ग्राहकांसमोर परदेशी आवृत्तीची पानं उघडू लागली. सर्व्हर तसूभरही हलला नव्हता, डेटा देशाबाहेर गेला नव्हता, तरी डेटाबेस तसं सांगत होता. ‘अमुक देशातून हल्ला झाला’ असा निष्कर्ष फक्त अशा नोंदीवरून काढला तर तोही असाच फसतो. शिवाय व्हीपीएन वापरणाऱ्याचा देश म्हणून फार तर बाहेर पडण्याचं टोक दिसतं, माणूस नाही.

यावर जाळं चालवणाऱ्यांनीच उपाय काढला. आपला कोणता पट्टा कुठे वापरात आहे याची साधी यादी ते स्वतः प्रसिद्ध करतात. तिला जिओफीड म्हणतात आणि २०२० मध्ये आरएफसी ८८०५ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजाने तिची मांडणी लिहून ठेवली:

```
192.0.2.0/24,BR,BR-SP,Sao Paulo,
```

ही यादी कुठे मिळेल याचा दुवा रजिस्ट्रीच्या नोंदीत देता येतो, त्यामुळे ती पट्टा सांभाळणाऱ्याचीच आहे याला आधार मिळतो. यंत्र खरंच साओ पावलोत आहे का, हे मात्र कुणी जाऊन तपासत नाही. तिथे पुन्हा मिलिसेकंदच मोजावे लागतात.