कर्जाचा हप्ता आणि एसआयपीचा हप्ता: रक्कम एकच, हिशोब वेगळा

सोलापूरच्या नवी पेठेत आयकराची विवरणपत्रं भरून देण्याचं माझं काम आहे. जून-जुलैत माणसं कागद घेऊन बसतात आणि कागदांच्या मागचंही बोलतात. हल्ली त्यात एक वाक्य वारंवार येतं. "पर्सनल लोन चौदा टक्क्यांनी मिळतंय, म्युच्युअल फंड पंधरा टक्के देतोय, मग मधला एक टक्का का सोडायचा?" बँकेच्या अॅपवर 'तुमच्यासाठी ५ लाख मंजूर' असं आधीच झळकत असतं. दोन वेळा बोट लावलं की संध्याकाळपर्यंत खात्यात पैसे.

यापेक्षा हुशार प्रश्न विचारला तो जुळे सोलापुरात राहणाऱ्या, पगारदार असलेल्या एका गृहस्थांनी. "अहो, फंडात महिन्याला अकरा-साडेअकरा हजारांची एसआयपी मी भरतोच की. त्याऐवजी तेवढाच ईएमआय भरला तर बिघडलं कुठं? उलट पाच लाख आजच कामाला लागतील." बिनतोड वाटणारा युक्तिवाद आहे. दोन्हीकडे दर महिन्याच्या ५ तारखेला खात्यातून तेवढीच रक्कम जाते, पासबुकातली ओळही सारखीच दिसते. म्हणून हे दोन हप्ते शेजारी ठेवून एकदा शेवटपर्यंत हिशोब करू.

५ लाखांचं कर्ज, १४ टक्के, ५ वर्षं. हप्ता येतो ११,६३४ रुपये, ६० हप्त्यांचे होतात ६,९८,०४०. आता हातात किती येतात ते बघा. प्रोसेसिंग फी २ टक्के धरली तर १०,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी १,८००. खात्यात जमा होतात ४,८८,२०० रुपये, पण व्याज चालू होतं पूर्ण ५ लाखांवर.

पहिली गल्लत इथेच आहे. कर्जाचे १४ टक्के आणि फंडाचे १५ टक्के एका मापाने मोजलेले नसतात. कर्जाचं व्याज दरमहा लागतं, १४ भागिले १२ या दरानं, आणि हप्ताही दरमहाच जातो. फंडाचे १५ टक्के म्हणजे वर्षाअखेर चक्रवाढीनं मोजलेली वाढ. कर्जाचा दर त्याच वार्षिक मापात आणला की १४ चे जवळपास १४.९ होतात. हातात न आलेले ११,८०० धरले की तोच दर १६.२ टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे ज्याला एक टक्का फायदा म्हटलं, तो मुळात एक टक्क्याहून जास्त तोटा आहे, आणि तोही बाजार अगदी ठरल्याप्रमाणे चालला तर.

आकडे मांडतो. ४,८८,२०० रुपये इक्विटी फंडात एकरकमी टाकले आणि फंडानं खरोखर वर्षाला १५ टक्के दिले, तर ५ वर्षांनी होतात साधारण ९ लाख ८२ हजार. दीर्घ मुदतीच्या नफ्यावर सध्या १२.५ टक्के कर आहे, वर्षाला सव्वा लाखाचा नफा माफ, आणि करावर ४ टक्के उपकर. सगळं एकाच वर्षी विकलं तर कर जाऊन हातात येतात ९ लाख ३४ हजार. भरले ६ लाख ९८ हजार, म्हणजे २ लाख ३६ हजारांचा फायदा! नेमका हाच आकडा दाखवून लोकांना कर्ज घ्यायला लावतात, आणि तो खोटाही नाही.

पण दुसऱ्या माणसानं कर्ज न घेता त्याच तारखांना तेच ११,६३४ त्याच फंडात एसआयपीनं टाकले, तर त्याचे ५ वर्षांनी होतात १० लाख ४ हजार. कर जाऊन ९ लाख ८० हजार. खिशातून दोघांचेही सारखेच पैसे गेले, फंड तोच, परतावा तोच, आणि कर्ज न घेणारा ४५ हजारांहून जास्त पुढे. कर्जवाल्याला दिसलेला फायदा खरा होता, पण तो कर्जाचा नव्हता. दरमहा अकरा हजार बाजूला काढण्याची शिस्त आणि फंडाची वाढ यांचा होता. कर्जानं त्यातून वजाबाकीच केली. हे पटायला त्या गृहस्थांना वेळ लागला, कागदावर दोन्ही बेरजा त्यांनी स्वतः करून बघितल्या.

परतावा कमी झाला की दरी रुंदावते. फंडानं वर्षाला ८ टक्केच दिले तर एकरकमी टाकलेल्याचे होतात ७ लाख १७ हजार, कर गेल्यावर ७ लाख ४ हजारांच्या आसपास. भरलेले ६ लाख ९८ हजार आठवा. पाच वर्षं हप्ते भरून सहा हजार सुटले. एसआयपीवाल्याकडे मात्र ८ लाख ४५ हजारांच्या आसपास असतात. उलट बाजूही सांगायला हवी: फंडानं सलग पाच वर्षं सरासरी २० टक्के दिले, तर कर्ज घेणारा जिंकतो. किती रुपयांनी? कर जाऊन साधारण ४५ हजारांनी. तेजीचं वारं लागलं तर ४५ हजार, मंदावलं तर सुमारे १ लाख ४० हजारांचा फटका. हा सौदा कुणी जाणूनबुजून करील असं मला वाटत नाही.

इथपर्यंत आपण बाजार दरवर्षी सारखाच वाढतो असं धरलं. तसं कधीच होत नाही. निफ्टी जानेवारी २००८ मध्ये ६,२०० च्या वर होता, त्याच ऑक्टोबरात २,५०० च्या आसपास आला. पाच वर्षांनी, जानेवारी २०१३ मध्ये, तो ६,००० च्या जवळ होता. म्हणजे २००८ च्या जानेवारीत पाच वर्षांचं कर्ज काढून ज्यानं निर्देशांकात पैसे घातले, त्याचा शेवटचा हप्ता फिटला तेव्हा लाभांश सोडला तर मूळ रक्कमही पुरती परत आलेली नव्हती. एसआयपीवाल्याला मात्र मधल्या घसरणीत स्वस्तात युनिट मिळत गेले. २०२० सालीही जानेवारीत १२,३०० च्या वर असलेला निफ्टी २३ मार्चला ७,६१० वर बंद झाला. तो लवकर सावरला हे खरं, पण सावरणार हे मार्चमध्ये कुणाला ठाऊक होतं?

आणि बाजार पडतो तेव्हाच नोकऱ्याही डळमळतात. समजा, पहिले १५ महिने फंड जागच्या जागी राहिला, मग एकदम ३५ टक्के घसरला, आणि १५ हप्ते भरून झाल्यावर पगार थांबला. कर्जवाल्यानं आतापर्यंत १ लाख ७४ हजार भरलेत. बाकी किती असेल? सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असतो, पहिल्या हप्त्यातले ५,८३३ रुपये व्याजाचे होते. त्यामुळे १५ हप्त्यांनंतरही ४ लाख ५ हजार शिल्लक आहेत. फंडाची किंमत ३ लाख १७ हजार. सगळे युनिट विकले तरी ८८ हजार कमी पडतात, आणि ठराविक दराच्या कर्जात मुदतीआधी फेड केली तर बहुतेक ठिकाणी त्याचा वेगळा आकार लागतो. न विकता हप्ता चुकवला तर बाऊन्स चार्ज, दंड आणि सिबिलवर डाग.

एसआयपीवाल्याचं त्याच दिवशी काय? त्याचेही १ लाख ७४ हजार गेलेत, किंमत उरली १ लाख १३ हजार. वाईट वाटेल, पण तो कुणाचा देणेकरी नाही. अॅपवर जाऊन एसआयपी थांबवतो, युनिट तसेच ठेवतो, नोकरी लागली की पुन्हा चालू करतो. दोन हप्त्यांतला फरक हा आहे. एक थांबवता येतो, दुसरा नाही. शिवाय ज्याला नीचांकावर विकावंच लागतं, त्याच्यासाठी बाजाराची पुढची वाढ नुसती वाचायला उरते. 'दीर्घकाळात बाजार वाढतोच' हे वाक्य त्याच्या कामाचं नाही, कारण त्याचा काळ बँकेनं ठरवलेला आहे.

इथे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतले यंत्रमागवाले मला अडवतात. "आमचा टॉवेलचा धंदा कर्जावरच चालतो की, मग आम्ही चुकलो का?" नाही. माग घेतला की तो महिन्याला टॉवेल काढतो, व्यापाऱ्याकडून बिल येतं, त्यातून हप्ता जातो. कर्जाची मुदत आणि कमाईची लय जुळलेली असते; सूत महागलं, मागणी घटली तर तिथेही ताण येतो, पण हप्त्याला पैसा कुठून येणार हे आधीच दिसत असतं. इक्विटी फंड मात्र पाच वर्षांत एक रुपया हातात देईल असं ठरलेलं नसतं. हप्ता जातो पगारातून, म्हणजे तारण फंड नाही, तुमचा पगार आहे. माग विकत घेणं आणि युनिट विकत घेणं यांना 'गुंतवणूक' म्हणून एकाच रांगेत बसवलं की गोंधळ सुरू होतो.

करार वाचण्याची सवय आपल्याकडे नाही, म्हणून एवढं नमूद करतो: पर्सनल लोनचा पैसा सट्ट्यासाठी किंवा शेअर बाजारात वापरू नये अशी अट बऱ्याच करारांत लिहिलेली असते. आणि हा हप्ता चालू असताना घरकर्जाला अर्ज केला तर बँक तो पगारातून वजा करूनच पात्रता मोजते. जुळे सोलापुरात फ्लॅट बघणाऱ्यांना तो झटका तिथे बसतो.

ज्यांनी आधीच असं कर्ज घेतलंय, त्यांनी बँकेकडून फोरक्लोजर स्टेटमेंट मागवावं. त्यात शिल्लक मुद्दल, मुदतपूर्व फेडीचा आकार आणि त्यावरचा जीएसटी वेगळे दिसतात. शेजारी फंडाची आजची किंमत लिहावी, आणि फंडाला एक वर्ष पूर्ण झालंय का ते बघावं. वर्षाआत विकल्यास बऱ्याच इक्विटी फंडांत १ टक्का एक्झिट लोड, म्हणजे लवकर बाहेर पडण्याचा आकार, जातो आणि नफ्यावर २० टक्के कर लागतो. युनिट विकून कर्ज फिटत असेल, तर वर्षाला १४ टक्के दरानं पुढच्या प्रत्येक महिन्याचं व्याज वाचणार हे नक्की आहे. सुटलेले ११,६३४ रुपये पुढच्याच महिन्याच्या ५ तारखेला त्याच फंडात एसआयपीनं लावता येतात. किंमत कमी पडत असेल तर भागशः फेड चालते का, किती हप्त्यांनंतर चालते आणि त्याला किती आकार लागतो, हे कर्जाच्या मंजुरीपत्रात सापडतं. शाखेत जाऊन विचारताना ते पत्र सोबत न्यावं, नाहीतर तीन खिडक्यांवर तीन उत्तरं मिळतात.