एका ग्राहकाचा दिवस: लाँचच्या निवेदनातली ही चाल आली कुठून?

नवं उत्पादन मंचावरून सादर करताना जे निवेदन वाचलं जातं, त्याची एक चाल आता सगळ्यांच्या ओळखीची झाली आहे. कुणीतरी एक ग्राहक सकाळी उठतो, कामाला जातो, संध्याकाळी घरी परततो, आणि दिवसभरात जिथे जिथे त्याचं अडतं तिथे उत्पादनाचं एकेक फीचर पुढे येतं. मी अशा स्क्रिप्ट लिहिण्याचं काम करतो. ही चाल केवळ गोष्टीच्या गोडीसाठी आली, असं पुष्कळांना वाटतं. तिचा मागोवा घेतला की वेगळं दिसतं. सुटी सुटी फीचर्स एका माणसाच्या हातात एकमेकांना कशी जोडली जातात, हे दाखवायला दुसरा सोपा मार्ग नव्हता, म्हणून ती रुजली.

सुरुवातीला दिवस नव्हता, तुलना होती. 1939च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी वेस्टिंगहाउस कंपनीने एक जवळजवळ तासाभराचा चित्रपट काढला. त्यात मिडलटन नावाचं काल्पनिक कुटुंब प्रदर्शन पाहायला येतं आणि कंपनीच्या दालनात फिरतं. तिथे भांडी घासण्याची स्पर्धा चालू असते. एका बाजूला मिसेस ड्रज, म्हणजे राबराब राबणारी बाई, हाताने भांडी घासते, आणि दुसऱ्या बाजूला मिसेस मॉडर्नचं काम डिशवॉशर करतो. यात यंत्राची ताकद लगेच कळते, पण ते यंत्र घरात आल्यावर बाकीचा दिवस कसा बदलेल, याचा पत्ता लागत नाही. पुढे 1967मध्ये फिल्को-फोर्डने 1999 सालातल्या घराचा लघुपट केला, तेव्हा एक अख्खं कुटुंब घरातल्या यंत्रांच्या सोबतीने वावरताना दिसलं. त्यातली पत्नी पडद्यावर खरेदी करते आणि त्याचं बिल पतीच्या वेगळ्या पडद्यावर जातं. बत्तीस वर्षांनंतरची यंत्रं कल्पिणाऱ्यांनी घरातली कामाची वाटणी मात्र आपल्या काळातलीच ठेवली. एखाद्याचा दिवस लिहायला बसलं की लिहिणाऱ्याची गृहीतकं अशी उघडी पडतात, आणि आजही पडतात.

माझ्या मते या चालीचा खरा जन्म 9 डिसेंबर 1968चा. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये संगणकतज्ज्ञांच्या परिषदेत डग्लस एंगेलबार्ट यांनी नव्वद मिनिटांचं प्रात्यक्षिक दिलं. समोर सुमारे हजार माणसं होती. यंत्र सभागृहात नव्हतंच. ते जवळपास पन्नास किलोमीटरवर, मेनलो पार्कच्या प्रयोगशाळेत होतं, आणि त्याचं चित्र मायक्रोवेव्ह दुव्यावरून मोठ्या पडद्यावर येत होतं. माउस, मजकुरातले दुवे, दोघांनी एकाच मजकुरावर एकत्र काम करणं, यांतलं बरंच काही प्रेक्षकांनी पूर्वी पाहिलेलं नव्हतं. शिवाय श्रोते तज्ज्ञ. पण एंगेलबार्ट यांनी सुरुवातीला घेतली ती वाणसामानाची यादी.

पडद्यावर त्यांनी घरी न्यायच्या जिनसा टाइप केल्या आणि मग त्यांची गटवार मांडणी केली. कधी फक्त गटांची नावं दाखवली, कधी एखादा गट उघडून आतल्या जिनसा दाखवल्या. त्यानंतर तीच माहिती नकाशाच्या रूपात आली. घरी जायचा रस्ता आणि वाटेतली थांबण्याची ठिकाणं दिसू लागली. एका ठिकाणावर टिचकी मारली की तिथलं काम समोर येई.

यातली करामत नीट पाहण्यासारखी आहे. मजकुराची श्रेणीबद्ध रचना, एकाच माहितीची निरनिराळी दृश्यं आणि चित्रातून मजकुरात उडी मारणारे दुवे, ही तीन अवघड फीचर्स त्यांनी नाव न घेता एका माणसाच्या संध्याकाळच्या कामांतून दाखवली. यादी नसती तर तीन वेगळी व्याख्यानं द्यावी लागली असती. यादी होती म्हणून प्रेक्षकाला एकच गोष्ट लक्षात ठेवायची होती, ती म्हणजे या माणसाला घरी जाताना काय काय न्यायचं आहे. एक बारकावा असा की दिवस पूर्ण सांगितलेला नाही, फक्त त्याचा एक तुकडा घेतला आहे. तेवढाच पुरला.

त्यानंतर दोन वाटा झाल्या. एक वाट सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या खोलीत गेली. 1983मध्ये अॅलन कूपर एक प्रकल्प-नियोजनाचं सॉफ्टवेअर लिहीत असताना कॅथी नावाची एक वापरकर्ती मनात धरून तिच्याशी बोलत असत. प्रत्यक्ष लोकांशी झालेल्या संवादातून ती घडली होती. अशा मनात धरलेल्या वापरकर्त्यासाठीचा ‘पर्सोना’ हा शब्द 1999च्या त्यांच्या पुस्तकातून सगळीकडे पोचला. आज लाँचच्या स्क्रिप्टमध्ये जो ग्राहक भेटतो, तो बहुधा उत्पादन घडताना भिंतीवर चिकटवलेला हाच पर्सोना असतो. दुसरी वाट कल्पनाचित्रांची. अॅपलने 1987मध्ये ‘नॉलेज नॅव्हिगेटर’ हा लघुपट दाखवला. त्यात एक प्राध्यापक घडी घालता येणाऱ्या, बोलणाऱ्या पडद्याशी बोलत व्याख्यानाची तयारी करतो. विकायला तसलं काही नव्हतं, आणि हेतूही तो नव्हता. या दोन वाटा पुढे एकमेकींत मिसळल्या, आणि प्रश्न तिथून सुरू झाले. खऱ्या उत्पादनाच्या लाँचमध्ये कल्पनाचित्राची भाषा शिरली.

आधी एक चांगलं उदाहरण. 9 जानेवारी 2007च्या आयफोन लाँचमध्ये स्टीव्ह जॉब्स गाणं ऐकत असतात. फोन वाजतो, गाणं हळूहळू विरतं. पलीकडचा सहकारी एक फोटो मागतो, आणि कॉल चालू ठेवूनच जॉब्स तो ईमेलने पाठवतात. बोलणं संपतं आणि गाणं थांबलं होतं तिथून पुन्हा हळूच सुरू होतं. हा दिवसाचा जेमतेम दोनतीन मिनिटांचा तुकडा आहे. पण ‘एकाच यंत्रात संगीत, फोन आणि इंटरनेट’ हे वाक्य नुसतं ऐकून जे कळलं नसतं, ते त्या विरणाऱ्या आणि परतणाऱ्या गाण्याने कळवलं.

पडद्यामागची हकीकत पुढे त्याच चमूतल्या अभियंत्यांनी सांगितली. हातातले नमुने कच्चे होते. ईमेल आधी आणि वेब नंतर, असा क्रम घेतला तर यंत्र टिकत असे. उलट केलं तर बंद पडण्याची भीती होती. म्हणून त्यांनी न अडखळणारा एक क्रम शोधून काढला आणि त्याला ‘गोल्डन पाथ’ म्हटलं. म्हणजे ग्राहकाच्या दिवसातल्या घटना कोणत्या क्रमाने घडणार, हे काही अंशी यंत्राच्या मेमरीने ठरवलं. आम्हा स्क्रिप्टवाल्यांच्या बोलण्यात हा शब्द अजून आहे. जूनअखेर फोन विक्रीला आला तोवर तो त्या ठरलेल्या वाटेबाहेरही चालत होता, म्हणून हा प्रसंग पचला.

2012चा प्रसंग तसा पचला नाही. त्या वर्षी 4 एप्रिलला गूगलने डोळ्यांसमोर माहिती दाखवणाऱ्या आपल्या चष्म्याचा सुमारे अडीच मिनिटांचा व्हिडिओ दाखवला. न्यूयॉर्कमधल्या एका तरुणाचा दिवस आपण त्याच्याच डोळ्यांतून पाहतो. मित्राचा निरोप येतो. भुयारी रेल्वे बंद असल्याचं कळतं आणि पायी जायचा रस्ता उमटतो. पुस्तकांच्या दुकानात हवं ते दालन कुठे आहे हेही दिसतं. शेवटी गच्चीवरून तो मैत्रिणीला सूर्यास्त दाखवतो. रचना म्हणून हे काम अतिशय नेटकं आहे. पण कॅमेरा त्याच्या डोळ्याच्या जागी ठेवल्यामुळे प्रेक्षकाचा अख्खा पडदा म्हणजे त्याची अख्खी नजर झाली, आणि खुणा त्या नजरेच्या मध्यावर तरंगू लागल्या. प्रत्यक्ष चष्म्यात उजव्या डोळ्याच्या वरच्या कोपऱ्यात एक छोटा काचेचा तुकडा होता. कंपनीच्याच मोजमापानुसार तो आठ फुटांवरच्या पंचवीस इंची पडद्याएवढा भासायचा. 2013मध्ये ज्यांनी 1500 डॉलर मोजून तो घेतला, त्यांना वर नजर नेऊन पाहावं लागत होतं. जानेवारी 2015मध्ये सर्वसामान्य ग्राहकांना होणारी विक्री थांबली. किंमत आणि लोकांच्या खासगीपणाची भीती ही मोठी कारणं होतीच, पण पहिली फसगत त्या दिवसाच्या चित्रणात होती. स्क्रिप्टमधला एकही शब्द खोटा नसताना चौकट खोटी होती.

हे आधी ओळखता येतं का? माझ्या अनुभवात येतं, आणि त्यासाठी ‘दिवस’ हाच साचा उपयोगी पडतो, कारण दिवसाला घड्याळ असतं. श्रवणयंत्राच्या एका लाँचसाठी मी लिहिलेली स्क्रिप्ट सांगतो. ग्राहक म्हणून एक शिक्षिका घेतली होती. सकाळी साडेसहाला ती डबीतून यंत्रं काढून कानांत घालते आणि रात्री साडेदहाला परत डबीत ठेवते. हे सोळा तास झाले. पहिल्या मसुद्यात मी तिला जाता-येता कानातल्या यंत्रावर गाणी ऐकायला लावली होती, दुपारी फोनवर तासभर बोलायला लावलं होतं, आणि एका चार्जिंगमध्ये दिवस निघतो असंही वर लिहिलं होतं. अभियंत्याने वेळांची बेरीज केली. फोनचा आवाज थेट कानात सोडला की बॅटरी जास्त खर्च होते, आणि तिचा दिवस रात्री आठच्या सुमारास संपत होता. फीचर्सच्या यादीत ही दोन्ही विधानं शेजारी शेजारी गुण्यागोविंदाने नांदत होती. एका बाईच्या एका दिवसात ती एकमेकांना छेद देऊ लागली.

आम्ही गाणी काढली आणि फोन वीस मिनिटांवर आणला. शिवाय मधल्या सुट्टीचा प्रसंग बदलला. पूर्वीच्या मसुद्यात गोंगाटात कुणीही हाक मारली तरी तिला स्पष्ट ऐकू येत होतं. पण दिशा ओळखणारे मायक्रोफोन गोंगाटात समोरच्याचा आवाज पुढे आणतात आणि मागचा दाबतात. तेव्हा नव्या मसुद्यात तिची सहकारी मागून हाक मारते, तिला ती कळत नाही. सहकारी समोर येऊन बसते, आणि मग तिचं बोलणं भांड्यांच्या आवाजातून वर येतं. हा प्रसंग ठेवायचा की नाही यावर विक्री विभागाशी दोन बैठका झाल्या. अखेर तो राहिला.

संध्याकाळचा प्रसंग सर्वांत छोटा होता. ती घरी येते आणि नातू गळ्यात पडतो. कानाजवळ काही आलं की यंत्रातून बाहेर पडलेला आवाज परत मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि जुनी यंत्रं शीळ घालतात. ही शीळ दाबण्याची सोय नव्या यंत्रात होती आणि कागदावर तिचं नाव चार शब्दांचं होतं. निवेदनात आम्ही ते नाव घेतलंच नाही. ‘नातू तिच्या गळ्यात पडतो,’ एवढं म्हणून निवेदिका तीन सेकंद थांबली. सभागृहात जे स्वतः श्रवणयंत्र लावून बसले होते, त्यांच्यातल्या काहींचे हात नकळत कानाकडे गेले.