बुकिंग रद्द झालं तर ॲडव्हान्सचं काय?

परळच्या आमच्या होमस्टेत खोल्या दोनच. बुकिंगच्या वेळी निम्मं भाडं ॲडव्हान्स घेतो. ते परत मिळण्याचे नियम इथे मराठीत आणि इंग्रजीत दिले आहेत.

आधीच्या पत्रकात ‘७२ तासांच्या आत रद्द केल्यास पूर्ण परतावा’ असं छापलं होतं. एका पाहुण्यांनी ते बुकिंग केल्यापासूनचे ७२ तास धरले, आमच्या मनात होते येण्याआधीचे. घोळ आमच्याच वाक्यात होता, म्हणून त्यांचे पैसे दिले आणि वाक्य बदललं:

‘चेक-इनच्या किमान ७२ तास आधी रद्द केल्यास ॲडव्हान्स पूर्ण परत. त्यानंतर कळवल्यास एका रात्रीचं भाडं कापू. खोली दुसऱ्यांना गेली तर तेही परत.’

‘कॅन्सल ॲट लीस्ट ७२ अवर्स बिफोर चेक-इन: फुल ॲडव्हान्स रिफंडेड. आफ्टर दॅट, वुई कीप वन नाइट्स रेंट. इफ द रूम इज रीबुक्ड, वुई रिफंड दॅट टू.’

चेक-इन दुपारी १ वाजता, तास तिथून मागे मोजायचे. समजा, शुक्रवारपासून तीन रात्री, रोजचे २,४०० रुपये. एकूण ७,२००, ॲडव्हान्स ३,६००. मंगळवारी दुपारी १ पर्यंत कळवलंत तर ३,६०० परत. बुधवारी सकाळी १० ला व्हॉट्सॲप केलंत, तर ५१ तासच उरले. मग १,२०० लगेच परत, आणि शुक्रवारची रात्र दुसऱ्या कुणी घेतली की उरलेले २,४००ही. मेसेजवरची वेळ धरतो. आम्ही तो उशिरा पाहिला, तर त्याचा भार तुमच्यावर नाही. बुकिंग एकाच रात्रीचं असेल तर ॲडव्हान्सपेक्षा जास्त काही मागणार नाही. न कळवता आलाच नाहीत, तर मात्र ॲडव्हान्स जातो.

आमच्याकडे बरेच जण टाटा हॉस्पिटलसाठी येतात. रक्ताचे काउंट कमी आले की केमो पुढे जाते, आणि ते कधी कधी आदल्या दिवशीच कळतं. अशा वेळी ७२ तासांचा हिशेब लावत नाही. नवी तारीख घ्या किंवा पूर्ण पैसे घ्या. अपॉइंटमेंटच्या कागदाचा फोटो पाठवा, आजाराचं नाव झाकलंत तरी चालेल. पावसामुळे रेल्वेनेच तुमची गाडी रद्द केली, तर तिचा मेसेज दाखवा, तिथेही हेच.

पाणी बंद, लिफ्ट बंद अशा कारणाने आम्हीच खोली देऊ शकलो नाही, तर सगळे पैसे त्याच दिवशी पाठवतो.

परतावा ज्या खात्यातून पैसे आले त्याच खात्यात जातो. भाच्याने यूपीआय केलं असेल तर त्याच्याच खात्यात, तेव्हा त्याला आधी सांगून ठेवा. बुकिंग एखाद्या वेबसाइटवरून केलं असेल, तर पैसे तिच्याकडे असतात आणि नियमही तिचेच लागतात. रद्दही तिथेच करा.