मिक्सिंग स्टडी

रक्त गोठण्याची एखादी चाचणी नेहमीपेक्षा जास्त सेकंद घेऊ लागली, की रुग्णाच्या प्लाझ्मात निरोगी माणसांचा प्लाझ्मा समप्रमाणात मिसळून तीच चाचणी पुन्हा करतात. या तपासणीला मिक्सिंग स्टडी म्हणतात. गोठण्यासाठी लागणारा एखादा फॅक्टर कमी आहे, की फॅक्टर पुरेसा असूनही त्याला निकामी करणारा इनहिबिटर रक्तात आहे, एवढाच प्रश्न तिने सुटतो. कोणता फॅक्टर, किती कमी, इनहिबिटर किती तीव्र, हे पुढच्या चाचण्यांचे काम. ही तपासणी सर्वांत जास्त वेळा लांबलेल्या एपीटीटीवर, म्हणजे प्लाझ्मा गोठायला लागणारे सेकंद मोजणाऱ्या एका नेहमीच्या चाचणीवर, होते आणि या नोंदीत तिचाच विचार केला आहे.

तत्त्व सोपे आहे. रुग्णाच्या प्लाझ्मात फॅक्टर आठ अजिबात नसला, तरी तितकाच नॉर्मल प्लाझ्मा मिसळल्यावर मिश्रणात त्याचे प्रमाण सुमारे ५० टक्के होते. बहुतेक रिएजंटांवर एखादा फॅक्टर साधारण ३० ते ४० टक्क्यांच्या खाली गेल्याशिवाय एपीटीटी लांबत नाही. म्हणून केवळ कमतरता असेल तर मिश्रणाची वेळ नॉर्मलजवळ येते; याला प्रयोगशाळेच्या बोलीत ‘करेक्ट झाले’ म्हणतात. इनहिबिटर असेल तर तो बाहेरून आलेल्या फॅक्टरलाही सोडत नाही आणि वेळ लांबलेलीच राहते.

एक मोठी गफलत मात्र इथेच होते. फॅक्टर आठविरुद्धची प्रतिपिंडे सावकाश काम करतात. मिश्रण करून लगेच चाचणी लावली, तर रिएजंटसोबतच्या तीन ते पाच मिनिटांत त्यांना नॉर्मल प्लाझ्मातला फॅक्टर संपवायला वेळच मिळत नाही. मिश्रण करेक्ट झालेले दिसते, अहवालात ‘फॅक्टरची कमतरता’ असे लिहिले जाते आणि रुग्णाला एफएफपीच्या, म्हणजे दात्यांच्या गोठवलेल्या ताज्या प्लाझ्माच्या, पिशव्या लावल्या जातात. प्रतिपिंडांपुढे त्या बहुधा वाया जातात. म्हणून तात्काळ मिश्रण करेक्ट झाले तरी तपासणी तिथे थांबवू नये. ३७ अंश सेल्सिअसला एक ते दोन तास ठेवलेले मिश्रणही तपासावे.

नमुना घेण्यापूर्वी

मिक्सिंग स्टडी बिघडते ती बहुतेकदा नमुन्यापासूनच. निळ्या टोपणाच्या नळीत ३.२ टक्के सोडियम सायट्रेट असते आणि नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण पाळावेच लागते. नळी खुणेपर्यंत भरली नाही तर सायट्रेट जास्त होते आणि एपीटीटी उगाच लांबतो. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा वाटा, ५५ टक्क्यांच्या वर असेल तेव्हाही तेच होते, कारण नळीत प्लाझ्मा कमी असतो. अशा वेळी सायट्रेट मोजून कमी करावे लागते.

सोलापुरात उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. करमाळा, सांगोला, अक्कलकोटहून नमुना एसटीने किंवा दुचाकीच्या डिकीतून आला, तर तो वाटेत तापतो आणि उष्णतेला नाजूक असलेला फॅक्टर आठ आधीच कमी होतो. त्यावर उपाय म्हणून नळी थेट बर्फात खुपसणे हीसुद्धा चूक आहे. न फिरवलेले रक्त गार केल्यास फॅक्टर आठ आणि व्हॉन विलेब्रँड फॅक्टर घटतात, म्हणजे नसलेली कमतरता दिसू लागते. नळी १८ ते २४ अंशांच्या दरम्यान, उभी आणि झाकण लावलेली असावी आणि चार तासांच्या आत तपासली जावी. तेवढ्या वेळात पोहोचणे शक्य नसेल तर तालुक्याच्याच प्रयोगशाळेत प्लाझ्मा वेगळा करून गोठवावा आणि गोठलेल्या अवस्थेतच शहरात पाठवावा. अर्धवट वितळून पुन्हा गोठलेला नमुना न तपासलेला बरा.

प्लाझ्मात प्लेटलेट जवळपास नसाव्यात, मायक्रोलीटरला १०,०००पेक्षा कमी. त्यासाठी नळी १,५०० जी वेगाने १५ मिनिटे फिरवायची, वरचा प्लाझ्मा प्लास्टिकच्या नळीत काढायचा, तळाचा थोडा भाग सोडून द्यायचा आणि काढलेला प्लाझ्मा पुन्हा फिरवायचा. प्लेटलेट राहिल्या आणि नमुना गोठवला, तर त्या फुटून फॉस्फोलिपिड बाहेर पडते. ते ल्युपस अँटिकोॲग्युलंटला, म्हणजे फॉस्फोलिपिडला चिकटून चाचणीची वेळ लांबवणाऱ्या प्रतिपिंडाला, शोषून घेते आणि तो इनहिबिटर हातातून निसटतो.

हेपारिन हा खरे तर औषधी इनहिबिटर. मिक्सिंगमध्ये तो ल्युपससारखाच दिसतो. आयसीयूत हेपारिनने धुतलेल्या लाइनमधून रक्त घेतले की हा गोंधळ हमखास होतो. म्हणून मिक्सिंगला हात घालण्याआधी, हेपारिन असेल तर लांबणारा थ्रॉम्बिन टाइम लावावा. तो फार लांबला असेल तर हाताच्या शिरेतून नवा नमुना मागवावा. वॉर्फरिन, डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्साबॅन या रक्त पातळ करणाऱ्या औषधांची चौकशी रुग्णाच्या नातेवाइकांकडे करावी. केसपेपरवर ही नावे नेहमी असतीलच असे नाही.

नॉर्मल प्लाझ्मा

मिसळण्याचा प्लाझ्मा एका माणसाचा चालत नाही. निदान २० निरोगी स्त्री-पुरुषांचा एकत्र केलेला, प्लेटलेटविरहित, प्रत्येक फॅक्टर ८० टक्क्यांहून जास्त असलेला आणि ल्युपस अँटिकोॲग्युलंट नसलेला पूल्ड नॉर्मल प्लाझ्मा लागतो. तो छोट्या भागांत उणे ७० अंशांना ठेवतात आणि वापराआधी ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये पाच मिनिटांत वितळवतात. खोलीच्या तापमानाला हळूहळू वितळू दिला तर क्रायोप्रेसिपिटेट तळाशी बसते आणि त्याबरोबर फॅक्टर आठही. गुणनियंत्रणासाठी मिळणारा कंट्रोल प्लाझ्मा इथे पर्याय म्हणून वापरू नये.

कृती

पाच नमुने तयार होतात, त्यांना अ ते इ म्हणू. अ नळीत रुग्णाचा प्लाझ्मा, ब मध्ये नॉर्मल प्लाझ्मा आणि क मध्ये दोन्ही समप्रमाणात, म्हणजे प्रत्येकी ४०० मायक्रोलीटर. तिन्हींचा एपीटीटी लगेच काढायचा: १०० मायक्रोलीटर प्लाझ्मा, १०० रिएजंट, रिएजंटवाल्याने सांगितलेला वेळ ३७ अंशांना, मग ०.०२५ मोलर कॅल्शियम क्लोराइड १००. प्रत्येक वाचन दोनदा.

यानंतर उरलेले अ, ब आणि क झाकण लावून ३७ अंशांना दोन तास ठेवायचे. झाकण महत्त्वाचे. उघड्या नळीतून कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच वाढतो आणि इनहिबिटर नसतानाही फॅक्टर पाच व आठ घटतात. दोन तासांनी वेगवेगळ्या ठेवलेल्या अ आणि ब मधून समभाग घेऊन ताजे मिश्रण करायचे, ते ड. दोन तास एकत्र राहिलेले क आता इ झाले. ड आणि इ यांची लगोलग तुलना करायची.

ड कशासाठी, हे अनेकदा विचारले जाते. दोन तास उबेत राहून कोणाचाही फॅक्टर आठ थोडा कमी होतो आणि वेळ काही सेकंदांनी वाढते. ती वाढ ड मध्येही असते आणि इ मध्येही. इ मध्ये त्याहून जास्त जे काही दिसते, ते दोन प्लाझ्मा एकत्र राहिल्यामुळे, म्हणजेच इनहिबिटरमुळे. ड न लावता फक्त इ आणि सकाळचे क यांची तुलना केली, तर साध्या हिमोफिलियालाही इनहिबिटर ठरवण्याची पाळी येते.

एक उदाहरण

साठी ओलांडलेली विडी कामगार महिला. आयुष्यात कधी जास्त रक्तस्राव झालेला नाही, बाळंतपणेही सुरळीत झाली. पंधरा दिवसांपासून अंगावर मोठे निळे डाग, आणि इंजेक्शनच्या जागी दंड टणक सुजलेला. प्लेटलेट, पीटी आणि थ्रॉम्बिन टाइम नॉर्मल. एपीटीटी ८८ सेकंद. रक्त पातळ करणारे औषध चालू नाही.

लगेचची वाचने: रुग्ण ८८, नॉर्मल ३०, मिश्रण ३८ सेकंद. रोझनर निर्देशांक काढताना मिश्रणातून नॉर्मल वजा करून रुग्णाच्या वेळेने भागतात आणि १००ने गुणतात. (३८ − ३०) ÷ ८८ × १०० म्हणजे सुमारे ९. साधारण १२ किंवा त्याखाली करेक्ट, १५च्या वर इनहिबिटर, मधला पट्टा अनिश्चित असे मानतात. पण प्रत्येक प्रयोगशाळेने आपल्या रिएजंटवर हे आकडे स्वतः ठरवायला हवेत. इथवर पाहता हे प्रकरण फॅक्टरच्या कमतरतेचे वाटते.

दोन तासांनंतर: रुग्ण ९१, नॉर्मल ३३, ड ४३, इ ७२ सेकंद. ड चा निर्देशांक ११, इ चा ४३. वेगवेगळे ठेवलेले प्लाझ्मा मिसळल्यावर करेक्ट झाले, एकत्र ठेवलेले झाले नाहीत. वेळ आणि तापमानावर अवलंबून असलेला इनहिबिटर इथे आहे. या वयात, नव्याने सुरू झालेला रक्तस्राव आणि असे मिश्रण म्हणजे आधी ॲक्वायर्ड हिमोफिलिया ए, म्हणजे फॅक्टर आठविरुद्ध नव्याने तयार झालेल्या प्रतिपिंडांचा आजार, समजावे. पुढे फॅक्टर आठ २ टक्के निघाला आणि इनहिबिटरची तीव्रता मोजणाऱ्या बेथेस्डा चाचणीत प्लाझ्मा आठपट पातळ केल्यावर निम्मा फॅक्टर शिल्लक राहिला, तर इनहिबिटर ८ बेथेस्डा युनिट ठरतो. मात्र या आजारात युनिटांवरून रक्तस्राव किती होईल याचा अंदाज बांधता येत नाही; कमी युनिटांतही जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो.

याच वाचनांच्या जागी क लगेचच ६५ सेकंद आला असता आणि दोन तासांनी फारसा बदलला नसता, शिवाय रुग्णाला रक्तस्रावाऐवजी पायाच्या शिरेत गुठळी असती, तर संशय ल्युपस अँटिकोॲग्युलंटवर गेला असता. त्यासाठी डीआरव्हीव्हीटी लावतात. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेपूर्वी लहान मुलांत अचानक सापडणाऱ्या लांबलेल्या एपीटीटीमागे संसर्गानंतरचा तात्पुरता ल्युपस अँटिकोॲग्युलंट अनेकदा असतो. त्याने सहसा रक्तस्राव होत नाही, त्यामुळे एवढ्यावरून मुलाला हिमोफिलिया म्हणू नये.

मर्यादा

एपीटीटी नॉर्मलपेक्षा चार-पाच सेकंदच जास्त असेल, तर मिक्सिंगचा निकाल वाचण्याजोगा नसतो. मिश्रणाला सुधारायला जागाच उरत नाही. सौम्य इनहिबिटर समभाग मिश्रणात पातळ होऊन लपतो. तेव्हा रुग्णाचे चार भाग आणि नॉर्मलचा एक भाग असे मिश्रण करतात, पण त्याचे निकष वेगळे असतात. यकृताचा आजार, रक्तात जागोजागी गुठळ्या होऊन फॅक्टर संपवणारी डीआयसी किंवा वॉर्फरिनमध्ये अनेक फॅक्टर एकदम कमी असतात आणि मिश्रण अर्धवटच करेक्ट होऊ शकते. काही ल्युपस अँटिकोॲग्युलंटही वेळेनुसार वाढतात आणि फॅक्टर नऊविरुद्धचे इनहिबिटर बहुधा तात्काळ मिश्रणातच दिसतात. त्यामुळे केवळ वेळेच्या वागण्यावरून इनहिबिटरचे नाव लिहू नये.

अहवालात ‘करेक्टेड’ किंवा ‘नॉट करेक्टेड’ एवढा एक शब्द पुरत नाही. पाचही नमुन्यांचे सेकंद, किती वेळ उबेत ठेवले ते, वापरलेला रिएजंट, प्रयोगशाळेचा निकष आणि थ्रॉम्बिन टाइमचा निकाल लिहावा. दोन तासांचा भाग केलाच नसेल तर तसे स्पष्ट नोंदवावे, म्हणजे तात्काळ मिश्रणाचा निकाल वाचून कोणी इनहिबिटर नाही असे गृहीत धरणार नाही.