मुहन्नद एक, माणसं दोन

आमच्या थोरल्या जाऊबाई सात वर्षं शारजात होत्या. तिथं शेजारणींबरोबर बसून त्यांनी अरबी चॅनलवर 'नूर' ही अरबीत डब केलेली तुर्की मालिका बघितली, आणि तिचा नायक मुहन्नद त्यांच्या मनात कायमचा बसला. आता मंगळवार पेठेतल्या घरी रात्रीची भांडी आवरली की आम्ही दोघी आणि सासूबाई मोबाइलवर उर्दूत डब केलेली दुसरी तुर्की मालिका 'इश्क-ए-ममनू' लावतो. पहिल्याच दिवशी ताई ओरडल्या, "अगं, हा आमचा मुहन्नद!"

"ताई, ह्याचं नाव बेहलूल आहे."

"नाव काही का असंना, तोंड तेच आहे. पण नूर कुठाय? बायकोला टाकून हा काकाच्या बायकोच्या नादी लागला होय?"

पुढचे चार भाग ताई ही 'नूर'ची पुढची गोष्ट आहे असं समजून बघत होत्या, आणि बेहलूलला शिव्या देत होत्या त्या नूरच्या वतीनं.

असला गोंधळ मी इतक्यांदा ऐकलाय की आता लिहूनच टाकते. डबिंगमध्ये दोन वेगळ्या गोष्टी बदलतात: मालिकेचं नाव आणि पात्राचं नाव. लोक दोन्हींना एकच समजतात.

मालिकेचं नाव बदलणं आपल्याला नवीन नाही. दक्षिणेतला सिनेमा हिंदीत आला की त्याचं बारसं नव्यानं होतं, हे दुपारी टीव्ही लावणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. हे नाव चॅनल ठरवतं, प्रेक्षक खेचायला. तुर्कीतली 'मुहतेशेम युझयिल' म्हणजे 'वैभवशाली शतक'. ती अरबीत 'हरीम अल सुलतान' झाली आणि पाकिस्तानात 'मेरा सुलतान'. शतकाचा जनानखाना झाला नि जनानखान्याचा 'मेरा'. मला 'मेरा' अजिबात आवडत नाही, पण त्यानं फार बिघडत नाही.

कधी कधी तर नाव बदलूनही ओळखू येतं. 'इश्क-ए-ममनू'चं मूळ नाव आहे 'अश्क-ई मेमनू', अर्थ निषिद्ध प्रेम. अरबीत तेच 'अल इश्क अल ममनू'. 'सक्त मनाई आहे' या पाटीवरची आपली 'मनाई' त्याच धातूतून आलेली. तेव्हा शीर्षकावर एवढंच पुरे.

खरी मेख पात्रांच्या नावात आहे. ती बदलतात डबिंगचे संवाद लिहिणारे, आणि त्यांची कारणं वेगळी असतात. 'नूर'चं मूळ नाव 'ग्युम्युश'. तुर्कस्तानात ती 2005 ते 2007 दाखवली गेली आणि 2008 मध्ये सीरियन बोलीत डब होऊन एमबीसी या अरबी चॅनलवर आली. ग्युम्युश म्हणजे चांदी, आणि तेच नायिकेचं नाव. अरबी कानाला हा शब्द परका, म्हणून ती झाली नूर. मालिका नायिकेच्याच नावाची असल्यामुळं तिचं नाव बदललं तसं शीर्षकही बदललं. दोन्ही गोष्टी एक समजायची सवय लागते ती अशा मालिकांमुळं. नायक मेहमेत होता, त्याचा मुहन्नद झाला. गंमत म्हणजे मुहन्नद म्हणजे हिंदुस्थानी पोलादाची तलवार, त्या शब्दात 'हिंद' लपलाय.

नाव निवडताना ओठही बघावे लागतात. शाळेत पाठ केलेले प, फ, ब, भ, म आठवा. हे म्हणताना ओठ मिटतात, आणि पडद्यावर चेहरा जवळून दिसत असेल तर मिटलेले ओठ लपवता येत नाहीत. 'मेहमेत' म्हणताना ओठ दोनदा मिटतात, 'मुहन्नद'मध्ये एकदाच. पण सुरुवात जुळते, म्हणून डोळ्याला खटकत नाही. 'ग्युम्युश'मध्ये ओठ मधेच मिटतात आणि 'नूर'मध्ये मिटतच नाहीत. तिथं जोड दिसते. नायक तिला हाक मारतो तेव्हा आवाज बंद करून बघा. हाक मारणारा पाठमोरा असेल तर मात्र काहीही नाव चालतं.

आता ताईंच्या घोटाळ्याकडं येऊ. 'नूर'मधला नट किवांच तातलितू. तोच नट 'अश्क-ई मेमनू'मध्ये बेहलूल आहे. ही दुसरी मालिका अरबीत आली तोवर तिथले प्रेक्षक त्या चेहऱ्याला मुहन्नद म्हणूनच ओळखत होते. म्हणून बेहलूलचंही नाव ठेवलं मुहन्नद. ब आणि म दोन्ही ओठांचे, त्यामुळं ओठांचीही तक्रार नाही. नायिका बिहतर तिथं समर झाली. काका अदनान आणि त्याची मुलगी निहाल ही नावं अरबीत चालणारी, ती तशीच राहिली. म्हणजे अरबीत दोन वेगळ्या मालिकांत, दोन वेगळ्या माणसांचं नाव मुहन्नद. नाव पात्राचं राहिलंच नाही, नटाला चिकटलं. आणि उर्दूत तोच माणूस बेहलूल, कारण बेहलूल, बिहतर, निहाल ही नावं उर्दू कानाला परकी वाटत नाहीत. तिथं बदलायचं कारणच नव्हतं.

म्हणून "मुहन्नदवाली सिरीयल कुठली?" या प्रश्नाला उत्तर नाही, आणि तो विचारणाऱ्याला लिंक पाठवणारे दोन वेगळ्या मालिका पाठवतात नि मग आपसात भांडतात. मला तरी पात्रांची नावं तशीच ठेवलेली आवडतात. 'हरीम अल सुलतान'मध्ये तर खऱ्या इतिहासातल्या हुर्रेम या दासीचीही हुयाम केली. मूळ कथेत सुलतान त्या दासीला हुर्रेम हे नाव देतो, आनंदी या अर्थानं. शाहजहानचं खुर्रम हे नाव त्याच शब्दाचं. हुयामचा अर्थ आहे उत्कट प्रेम. नावाचा अर्थ ज्या प्रसंगाचा कणा आहे, तिथं नाव बदललं की संवादही बदलावा लागतो. सुलतान सुलेमानच्या नावाला मात्र कुणी हात लावला नाही.

आणि एक, डबिंगला रिमेक म्हणू नका. रिमेकमध्ये चेहरेच दुसरे असतात. 'अश्क-ई मेमनू'वरूनच 2013 मध्ये अमेरिकेत 'पासिओन प्रोहिबिदा' ही स्पॅनिश मालिका बनली, ती वेगळी मालिका. तिथं नावं जुळवत बसण्यात अर्थ नाही.

शोधायचं असेल तर पात्राचं नाव टाकू नका. नटाचं टाका, कारण डबिंगमध्ये त्याचं नाव बदलत नाही, आणि सोबत मूळ शीर्षक तुर्की लिपीत: Aşk-ı Memnu किंवा Gümüş. भागाच्या क्रमांकावरही विसंबू नका. मूळ 'अश्क-ई मेमनू'चे भाग 79 आहेत, पण लांबलचक. दुसरीकडं ते कापून जास्त भाग करतात, त्यामुळं ताईंचा तिसावा भाग तो माझा तिसावा नव्हे.

हे सगळं ताईंना पटायला एक आठवडा गेला. मग त्यांनी हट्ट धरला की मूळ ग्युम्युश बघायचीच. मी लावली. पहिल्या दृश्यात नायक आला तशा सासूबाई चष्मा सावरत पुढं वाकल्या आणि म्हणाल्या, "हा बेहलूल इथं लग्नाला तयार कसा झाला गं?"